लहान जातं, मोठं अडतं

गेल्या जुलैत एका कामाचे तीन हप्ते पाठवायचे होते आणि तिन्ही वेळा माझी फाइल अर्ध्यावर अडली. पहिल्या दोन वेळा मी दोष भलतीकडेच शोधत बसले. तिसऱ्या वेळी शेजारच्या काकांनी तो माझ्याच खोलीच्या उंबरठ्यावर दाखवला. घरून काम करणाऱ्या पुष्कळांवर अशी वेळ येते आणि बहुतेक जण मी केल्या त्याच चुका करतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी घरी बसून भाषांतराची कामं करते. इंग्रजीतून मराठीत, आणि बहुतेक तांत्रिक: यंत्रांची माहितीपुस्तकं, सुरक्षेच्या सूचना, कारखान्यातल्या भिंतीवर लावायचे तक्ते. हे काम जर्मनीतल्या एका एजन्सीचं होतं. चाकणच्या एका कारखान्यात येणाऱ्या यंत्राचं माहितीपुस्तक तिथल्या कामगारांसाठी मराठीत करायचं होतं. तीन भाग, दर शुक्रवारी एक. मजकूर आकृत्यांसकट पानावर बसवून द्यायचा असल्यामुळे एकेक फाइल साठ-सत्तर एमबीची व्हायची. मुदत त्यांच्याकडच्या संध्याकाळी सहाची. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ.

घर साताऱ्यातलं, जुन्या बांधणीचं. भिंती दीड-दीड हात जाड. इंटरनेटचा राउटर पुढच्या सोप्यात आणि माझी कामाची खोली माजघराच्या मागे, त्यामुळे तिथवर वायफाय नीट पोचत नाही. शिवाय माझा संगणक टेबलावरचा, त्याला वायफायची सोयच नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी राउटरपासून एक लांब नेटवर्क केबल टाकून घेतली होती. ती भिंतीच्या कडेकडेने येते, खोलीच्या उंबरठ्यावरून आत शिरते आणि टेबलाखालून संगणकात जाते. टाकल्यानंतर तिच्याकडे पुन्हा कोणी पाहिलं नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी पावणेनऊला फाइल तयार झाली. एजन्सीच्या पानावर अपलोडचं बटण दाबलं. निळी पट्टी भराभर २३ टक्क्यांपर्यंत गेली, मग रेंगाळली आणि चारेक मिनिटांनी ‘अपलोड अयशस्वी’ असा लाल मजकूर आला. पुन्हा केलं, ६१ टक्क्यांवर थांबलं. तिसऱ्यांदा ४०. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत शब्दकोशाची पानं पटापट उघडत होती, व्हिडिओ न अडखळता चालत होता, ईमेल जात-येत होत्या. इंटरनेट उत्तम चाललेलं दिसत असताना फाइल तेवढी जात नव्हती. साहजिकच मी ठरवून टाकलं की गडबड एजन्सीच्या बाजूला आहे. त्यांना तसं कळवलं. ती ईमेल मात्र लगेच गेली. रात्री एकच्या सुमाराला घर निजल्यावर सहज एकदा प्रयत्न केला, तर फाइल अर्ध्या मिनिटात पोचली. मग निष्कर्ष आणखी पक्का झाला: संध्याकाळी त्यांच्या सर्व्हरवर गर्दी असणार.

दुसऱ्या शुक्रवारी तेच. या वेळी मी फाइलचे तुकडे केले. दहा-दहा पानांचे लहान तुकडे एकेक करून, रडतखडत का होईना, गेले. त्यावरून मी दुसरा निष्कर्ष काढला: त्यांच्या पानाला मोठी फाइल चालत नसावी. आमच्या केबलवाल्याच्या ऑफिसातही फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, लाइन एकदम ओके दाखवतेय. मोबाइलवर स्पीड चेक करा ना.” मोबाइलवर पाहिला, खरंच उत्तम होता. त्याचं बोलणं खरं होतं, पण त्यातून काय कळतं ते मला त्या दिवशी उमगलं नाही.

तिसऱ्या शुक्रवारी दुपारपासून पाऊस लागून राहिला होता. साडेआठला शेवटचा भाग हातावेगळा झाला, फाइल ६८ एमबी. अपलोड ३५ टक्क्यांवर अडलं. शेजारचे काका वर्तमानपत्र परत द्यायला आले होते. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाइनमन म्हणून काढलेली. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, “काय झालं गं?” मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “दर वेळी एकाच टक्क्यावर अडतं, की वेगवेगळ्या?”

या प्रश्नाला मोल आहे. समोरच्या सर्व्हरने फाइलच्या आकाराला मर्यादा घातलेली असेल, तर ती दर वेळी तशीच आड येते. बहुधा सुरुवातीलाच, आणि कारण सांगून. माझी फाइल मात्र २३, ६१, ४०, ३५ अशी कुठेही थांबत होती. जागा बदलत असेल, तर दोष फाइलमध्ये किंवा नियमात नसतो, तो वाटेत असतो. काका म्हणाले, “लाइन म्हणजे तुकडे असतात. तुझ्या टेबलापासून राउटर हा एक तुकडा. राउटरपासून केबलवाल्याचं ऑफिस हा दुसरा. तिथून जर्मनी तिसरा. एका वेळी एकच तुकडा तपासायचा, आणि सुरुवात आपल्या पायाजवळून करायची.”

दुसरा तुकडा तपासणं सर्वांत सोपं होतं. सोप्यात राउटरशेजारी उभं राहून मी मोबाइलवरून एक साठ एमबीचा व्हिडिओ माझ्याच क्लाउडच्या खात्यावर चढवला. तो अर्ध्या मिनिटात गेला. म्हणजे राउटर आणि त्याच्या बाहेरची वाट धडधाकट. फोनवरच्या मुलाच्या बोलण्याचा खरा अर्थ हा होता: मोबाइल नीट चालतो आणि संगणक चालत नाही, तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर नाही, फक्त संगणकाच्या वाट्याला आलेल्या भागात आहे. तो भाग म्हणजे माझा संगणक, त्याचा पोर्ट आणि ती केबल.

आता पहिला तुकडा. विंडोजच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा देता येते, तिला पिंग म्हणतात. संगणक समोरच्या यंत्राला एक छोटा निरोप पाठवतो, ते यंत्र तोच निरोप परत पाठवतं, आणि किती गेले, किती परत आले याचा हिशेब मिळतो. बहुतेक जण पिंग एखाद्या वेबसाइटला करतात. तिथे जगभरची वाट मधे येते आणि दोष कुठला ते कळत नाही. राउटरलाच पिंग केलं, तर निरोप घराबाहेर पडतच नाही. आमच्या राउटरचा पत्ता 192.168.1.1 आहे. तो बहुधा राउटरखालच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. मी दोन आज्ञा दिल्या:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 -l 1400 192.168.1.1
```

पहिलीत शंभर छोटे निरोप आहेत, प्रत्येकात ३२ बाइट. दुसरीतही शंभरच, पण प्रत्येकात १४०० बाइट. छोट्यांपैकी एक हरवला. मोठ्यांपैकी सोळा हरवले, आणि प्रत्येक हरवलेल्या जागी पडद्यावर `Request timed out.` अशी ओळ उमटली. घरातल्या घरात, एका वायरच्या दोन टोकांमध्ये, एकही हरवायला नको. आणि लहान निरोप जवळपास सगळे पोचतात पण मोठे अडतात, ही तर दुखावलेल्या वायरची खूणच आहे.

हे का घडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण माझे आधीचे चुकलेले निष्कर्ष सगळे इथेच उलगडतात.

फाइल वायरमधून सलग वाहत नाही. तिची छोटी पॅकेटं होतात. एका पॅकेटात साधारण दीड हजार बाइट मावतात, त्यामुळे माझ्या ६८ एमबीची सेहेचाळीस हजारांवर पॅकेटं झाली असणार. प्रत्येक पॅकेटाच्या शेवटी चार बाइटची एक तपासणी-संख्या असते. आतल्या मजकुरावरून गणित करून पाठवणारा ती काढतो, घेणारा तेच गणित पुन्हा करून ताडून पाहतो. वाटेत एक बिट जरी बदलला तरी संख्या जुळत नाही, आणि घेणारा ते पॅकेट फेकून देतो. फेकल्याचं पाठवणाऱ्याला कळवत नाही. भरलेल्या पॅकेटात बारा हजारांवर बिट असतात, छोट्या पिंगमध्ये सव्वासहाशे. वायर दर हजारो बिटांमागे एखादा बिट बिघडवत असेल, तर लहान पॅकेट बहुतेक वेळा त्यातून निसटून जातं, मोठं मात्र सापडतं. मोठ्या पिंगचे बिट छोट्याच्या अठरापट होते. एकाला सोळा हा आमचा हिशेब त्याच्याशी बराच जुळतो.

हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवायची व्यवस्था अर्थातच असते. तिचं नाव टीसीपी. ही व्यवस्था पोचपावतीवर चालते. पॅकेटांना क्रमांक असतात, आणि घेणारा ‘अमुक क्रमांकापर्यंत सगळं मिळालं’ अशी पावती परत पाठवत राहतो. पावती आली नाही, तर पाठवणारा थोडं थांबून तेच पॅकेट पुन्हा सोडतो. मग माझी फाइल उशिरा का होईना पोचायला हवी होती. ती मुळातच का अडत होती?

याचं उत्तर १९८६ सालच्या ऑक्टोबरमध्ये आहे. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथून चारशे यार्डांवरचं बर्कली विद्यापीठ यांच्यामधला इंटरनेटचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकदम ४० बिटांवर आला. वायरी शाबूत होत्या. झालं होतं असं, की वाटेत गर्दी होऊन पॅकेटं गळत होती, प्रत्येक संगणक गळलेली पॅकेटं घाईघाईने पुन्हा पाठवत होता आणि गर्दीत भरच घालत होता. व्हॅन जेकबसन या संशोधकाने यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो शोधनिबंधातून मांडला: पॅकेट हरवलं, तर वाटेत गर्दी आहे असं समजावं आणि वेग झपाट्याने कमी करावा. मग पावत्या येतील तसा तो हळूहळू वाढवावा. पुन्हा पाठवूनही पावती आली नाही, तर पुढच्या खेपेला दुप्पट वेळ थांबावं, मग आणखी दुप्पट. आजही टीसीपीच्या वागण्याला हाच पाया आहे, आणि गर्दी असेल तेव्हा हे शहाणपणाचंच आहे.

माझ्या वायरवर मात्र गर्दी नव्हतीच. वायर दुखावलेली असेल, तर हळू पाठवूनही पॅकेट बिघडायचं ते बिघडतंच. शंभरात सोळा गळत असताना संगणक वेग कमी करतो, तरी गळती चालूच. मग आणखी कमी, मग थांबणं, मग दुप्पट थांबणं. होता होता वेग इतका खालावतो, की समोरचं पान ‘पाठवणारा गेला वाटतं’ असं समजून संबंध तोडतं. त्या पानावर अर्धवट फाइल पुढे नेण्याची सोय नव्हती, म्हणून दर वेळी शून्यापासून सुरुवात. दुसऱ्या शुक्रवारी लहान तुकडे गेले ते आकाराची मर्यादा होती म्हणून नव्हे. संबंध तुटण्याआधी संपण्याइतके ते छोटे होते, एवढंच. ईमेल तर काही थोड्या पॅकेटांतच संपते.

राहिला एक प्रश्न: मग व्हिडिओ कसा नीट चालत होता? तो मी काकांना विचारला. ते म्हणाले, “येणारी पेअर वेगळी, जाणारी वेगळी.” खात्यात दोन तारांच्या जोडीला पेअर म्हणत. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. प्रत्येक रंगाची एक भरीव तार आणि तिच्याभोवती गुंडाळलेली पांढऱ्या पट्ट्याची दुसरी. हा पीळ मजबुतीसाठी नसतो. बाहेरची विजेची खळबळ दोन्ही तारांना सारखीच लागावी आणि वजाबाकी करून काढून टाकता यावी, यासाठी तो असतो. टेलिफोनच्या तारांसाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेलने ही युक्ती १८८१ मध्येच काढली होती.

या चार जोड्या दोन तऱ्हांनी वापरल्या जातात. सेकंदाला १००० मेगाबिटच्या, म्हणजे गिगाबिटच्या वेगाला चारही लागतात आणि प्रत्येकीतून दोन्ही दिशांनी वाहतूक चालते. १०० मेगाबिटच्या वेगाला दोनच पुरतात, आणि तिथे दिशा वाटून दिलेल्या असतात: संगणकाकडून बाहेर जाणारं एका जोडीतून, बाहेरून येणारं दुसरीतून. आपल्याकडे नेहमीच्या जोडणीत नारिंगी जाण्याची, हिरवी येण्याची. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली, तर बहुतेक यंत्रं तक्रार न करता गिगाबिटवरून १०० वर उतरतात. काम चालू राहतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

मी संगणकाच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची माहिती उघडून पाहिली. तिथे लिहिलं होतं: `100/100 (Mbps)`. माझा संगणक गिगाबिटचा, राउटर गिगाबिटचा, तिथे `1000/1000` हवं. आमचा प्लॅन २०० मेगाबिटचा आहे. संगणकावर स्पीड तपासला की डाउनलोड ९३-९४ च्या वर कधी जायचं नाही, हे मी कितीतरी महिने पाहत आले होते आणि ‘कंपन्या सांगतात तेवढं देत नाहीत’ म्हणून सोडून देत होते. ९४ हा आकडा त्या धंद्यातली माणसं लगेच ओळखतात. १०० मेगाबिटच्या वायरमधून पत्ते, क्रमांक, तपासणी-संख्या हा सगळा बोजा वजा जाता फाइलच्या वाट्याला जास्तीत जास्त तेवढाच वेग येतो. स्पीड टेस्ट चौऱ्याण्णववर अडत असेल, तर केबलकडे पाहावं.

म्हणजे एक जोडी तुटलेली असणार, त्यामुळे वाहतूक दोन जोड्यांवर आलेली. आणि जाणारी नारिंगी जोडी दुखावलेली असणार. व्हिडिओ येतो तो हिरव्या जोडीतून, ती निरोगी. त्याच्या पोचपावत्या नारिंगीतून जातात, पण पावती हे लहान पॅकेट, शंभरात एखादंच हरवायचं. ते हरवलं तरी बिघडत नाही, कारण पुढची पावती ‘इथपर्यंत सगळं मिळालं’ म्हणते आणि मागचीची भरपाई करते. येणारी वाट सुखरूप, जाणारी जखमी. म्हणून सगळं इंटरनेट ठणठणीत दिसत होतं आणि माझी फाइल तेवढी मार खात होती.

पण रात्री एकला ती कशी गेली होती? याचं उत्तर काकांनी हाताने शोधलं. त्यांनी मला मोठे निरोप न थांबता पाठवत राहायला सांगितलं:

```
ping -t -l 1400 192.168.1.1
```

मी पडद्याकडे पाहत बसले. काका राउटरपासून केबलला हात लावत, वीतवीतभर पुढे सरकत खोलीकडे यायला लागले. पडद्यावर निरोप येत होते, मधूनच एखादा गळत होता. ते दारापाशी आले. दार बंद होतं. बाहेरून म्हणाले, “दार उघड गं.” मी उठून उघडलं आणि परत येऊन पाहिलं, तर ओळीमागून ओळ, एकही निरोप गळत नव्हता. काकांनी दार हळूच लावलं. पाच-सहा ओळींनंतर `Request timed out.` पुन्हा उघडलं, गळती थांबली.

शेवटच्या तासाला मी नेहमी दार लावून बसते. सोप्यात टीव्ही चालू असतो, मुलं बोलत असतात, आणि पाठवण्याआधीचं वाचन शांततेत करायचं असतं. रात्री एकला सगळे निजलेले, म्हणून वाऱ्यासाठी दार सताड उघडं होतं. जर्मनीतल्या सर्व्हरवरच्या गर्दीचा त्यात काही संबंध नव्हता. आणि तीन वर्षं ठीक चाललेलं या जुलैतच का बिघडावं, हेही दाराकडे पाहिल्यावर कळलं. सागवानी दार पावसाळ्यात फुगतं. दर वर्षी ते घट्ट होतं, यंदा पाऊस लवकर आणि जोरात लागला, आणि लावायला खांद्याने रेटा द्यावा लागत होता. तो सगळा रेटा उंबरठ्यावरच्या केबलवर येत होता.

नऊला पाच कमी होते. काका म्हणाले, “दुरुस्ती उद्या. आधी फाइल पाठव.” दार उघडं ठेवून, मधे स्टूल सरकवून मी अपलोडचं बटण दाबलं. आमच्या प्लॅनमध्ये वर जाणारा वेग २० मेगाबिटचा आहे, त्या हिशेबाने ६८ एमबीला २७-२८ सेकंद लागायला हवेत. अर्धं मिनिट व्हायच्या आत पट्टी भरली. मुदतीला पस्तीस मिनिटं शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी केबल काढून उंबरठ्यावरचा भाग ब्लेडने उभा चिरला. बाहेरचं करडं आवरण दिसायला धड होतं, एका बाजूने थोडं चपटलेलं, बस. आत तपकिरी जोडीतली एक तार पूर्ण तुटली होती. नारिंगी जोडीचा पीळ सुटून दोन्ही तारा फाकल्या होत्या, आणि त्यातल्या पांढऱ्या पट्ट्याच्या तारेचं तांबं केसाएवढं उरलं होतं, कडेला हिरवट पडलेलं. दार उघडं असताना तेवढ्यावर ती निभावून नेत होती. दाब पडला की तो धागा उसवल्यासारखा व्हायचा आणि तिथून जाणारा संकेत क्षीण पडायचा. ती तार पूर्ण तुटली असती, तर पडद्यावर जोडणी गेल्याची फुली आली असती आणि मला पाच मिनिटांत दोष सापडला असता. अर्धवट तुटलेली तार कुठलीच फुली दाखवत नाही, म्हणूनच तिने तीन आठवडे चकवलं.

मी विचारलं, “तेवढा भाग कापून तारा जोडून टेप मारला तर?” काकांनी मान हलवली. टेलिफोनच्या आवाजाला तसा सांधा चालून जातो. इथे जोड्यांचा पीळ जिथे सुटतो तिथे संकेत विस्कटतो, आणि हाताने मारलेल्या सांध्यात पीळ राहत नाही. म्हणून सलग नवी केबल घ्यायची. घेताना त्यांनी दुकानात एक तार ब्लेडने खरवडून पाहिली. आतूनही लालसर निघाली, म्हणजे शुद्ध तांबं. स्वस्तात मिळणाऱ्या काही केबलींत ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. खरवडली की ती आतून पांढरी निघते आणि वाकवली की लवकर मोडते. नवी केबल उंबरठ्यावरून न नेता दाराच्या चौकटीवरून नेली. कोपऱ्यात काटकोनात दुमडली नाही. केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येचं वळण ठेवायचं असतं, म्हणजे साधारण दोन-अडीच सेंटिमीटर. खिळे-क्लिपाही आवळून ठोकल्या नाहीत. केबल क्लिपमध्ये सरकली पाहिजे, एवढी सैल.

जोडल्यावर सेटिंगमध्ये `1000/1000 (Mbps)` दिसलं. दार लावून मोठे शंभर निरोप पाठवले, शंभरच्या शंभर परत आले. या शेवटच्या पायरीला मी महत्त्व देते. पिंग गळतं म्हणजे केबलच खराब असं नक्की म्हणता येत नाही. संगणकाचा पोर्ट खराब असला तरी असंच दिसेल, आणि काही राउटर कामात असले की पिंगला उत्तर द्यायला टाळाटाळ करतात. चांगली केबल लावून तीच चाचणी पुन्हा केली आणि गळती थांबली, तरच दोष केबलचा होता असं म्हणावं. आणि दोष ज्या परिस्थितीत दिसत होता, त्याच परिस्थितीत चाचणी करावी. मी दार उघडं ठेवून तपासलं असतं, तर जुनी केबलही पास झाली असती.

त्या रात्री काका आले नसते, तरी एक वाट मोकळी होती आणि ती मला सुचली नव्हती. मोबाइल चार्जरच्या वायरने संगणकाला जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, की संगणक मोबाइलच्या इंटरनेटवर चालतो आणि घरातली केबल मधून निघून जाते. फाइल जाते, आणि गेलीच तर दोष कुठे नाही तेही कळतं. आता मुदतीच्या दिवशी तासभर आधी मी राउटरला शंभर मोठे निरोप पाठवून बघते. दोनेक मिनिटं लागतात. एक जरी गळला, तरी फोनची वायर काढून टेबलावर ठेवते.

ऑगस्टमध्ये त्याच एजन्सीचं पुढचं काम आलं. पाऊस होताच, आणि दार आणखी फुगलं होतं. पाठवण्याच्या दिवशी संध्याकाळी मी खांद्याने रेटून ते लावलं आणि शेवटचं वाचन करायला बसले.